एकाच नावाचे दोन संचालक

समजा, कोल्हापूरच्या एका सुनील पाटलांची छोटी कंपनी बुडाली. कारखान्याला कुलूप लागलं, पण कागदोपत्री कंपनी जिवंतच राहिली आणि सलग तीन वर्षं तिचे हिशेब कंपनी निबंधकांकडे गेले नाहीत. अशा वेळी कंपनी कायद्याचं कलम १६४ लागू होतं आणि संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. त्याच सुमारास नाशिकचे दुसरे सुनील पाटील आपल्या कंपनीसाठी बँकेत कर्ज मागायला जातात. बँकेने नुसत्या नावावरून शोध घेतला, तर कोल्हापूरची अपात्रता नाशिककरांच्या गळ्यात पडायची.

हा घोळ टाळतो तो ‘डिन’, म्हणजे संचालक ओळख क्रमांक. कंपनी कायद्यात २००६ साली दुरुस्ती होऊन तो आला. आठ आकडी हा क्रमांक केंद्र सरकार देतं आणि तो कंपनीला नव्हे, माणसाला मिळतो. नाशिकच्या पाटलांनी उद्या ही कंपनी सोडून दुसरीकडे संचालकपद घेतलं, तरी क्रमांक तोच राहतो. अर्जात वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पॅन द्यावा लागतो, त्यामुळे नाव सारखं असलं तरी मागची माणसं वेगळी ओळखू येतात. एका माणसाने दोन डिन घ्यायला कायद्याने बंदी आहे आणि मला हाच या व्यवस्थेचा कणा वाटतो. नाहीतर अपात्र ठरलेला माणूस नवा क्रमांक घेऊन दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीत बसला असता.

बँकेने मग करायचं एवढंच: कंपनीच्या नोंदीतून संचालकाचा डिन घ्यायचा आणि कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याची स्थिती बघायची. इथे एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. जुने बरेच डिन शून्याने सुरू होतात आणि एक्सेलमध्ये तो रकाना ‘टेक्स्ट’ केलेला नसेल, तर पुढची शून्यं गळून पडतात. आठपेक्षा कमी आकडे दिसले, की समजावं.

खरी फसगत होते ती नेमणुकीच्या वेळी. DIR-12 अर्जात डिन टाकला की नाव आपोआप येतं, म्हणून आकडा चुकला तर एरवी लगेच कळतं, कारण भलतंच नाव दिसतं. पण चुकून दुसऱ्या सुनील पाटलांचाच डिन पडला, तर पडद्यावर नाव बरोबरच दिसणार आणि कुणालाच शंका येणार नाही. त्यासाठी संचालकाने सही करून दिलेलं DIR-2 हे संमतीपत्र समोर ठेवून वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पॅन ताडून पाहावेत. संचालकानेही अधूनमधून आपल्या डिनवर कोणकोणत्या कंपन्या लागल्या आहेत ते बघावं. अनोळखी कंपनी दिसली, तर लगेच निबंधकांना लेखी कळवावं.

वर्तमानपत्रातल्या बातमीत किंवा कोर्टातल्या खटल्यात मात्र बहुधा डिन नसतो. तिथे सुनील पाटील नेमके कोणते, हे पत्ता आणि वडिलांच्या नावावरूनच शोधावं लागतं.