गाडी नाक्यावर का थांबते?

जालन्यातल्या कितीतरी घरांचं एक पाऊल हैदराबादेत असतं. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाचा भाऊ नोकरीला, कुणी डोळ्यांच्या दवाखान्यात जाणारं. आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यातच होतं, तेव्हा मधे सीमाच नव्हती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि देगलूरच्या पुढे एक रेघ पडली. २०१४ साली रेघेपलीकडच्या भागाचं नाव तेलंगणा झालं. नाती तशीच राहिली, पण गाडीला मात्र ती रेघ ओलांडताना कागद दाखवावा लागतो.

अजिंठा किंवा देवगिरी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन मिळालं तर प्रश्नच नाही. नाहीच मिळालं तर मंठा, जिंतूर, परभणी, नांदेड, देगलूर असा रात्रभराचा बसप्रवास. थेट गाडी नसेल तर नांदेडला बदलायची. इथेच आपण विचारतो, "गाडी किती वाजता आहे? भाडं किती?" मी म्हणते, मैत्रिणींनो, आणखी एक प्रश्न विचारा : "गाडी कोणत्या परवान्यावर चालते?"

एसटी किंवा तेलंगणाची सरकारी बस घ्या. तिच्यासाठी दोन्ही राज्यांनी आपसांत करार केलेला असतो. कोणत्या मार्गावर कुणाच्या किती फेऱ्या, किती किलोमीटर, हे त्यात ठरतं. तिला टप्पा वाहतुकीचा परवाना असतो, म्हणजे प्रत्येक प्रवाशाकडून वेगळं तिकीट घ्यायचं आणि ठरलेल्या थांब्यांवर माणसं चढवायची-उतरवायची. म्हणून ती स्टँडवरून निघते आणि स्टँडवरच पोचते.

खासगी ट्रॅव्हल्सचं तसं नाही. तिचा परवाना कंत्राटी किंवा पर्यटक गाडीचा असतो. कायद्याच्या नजरेत ती गाडी ठरलेल्या मंडळींनी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला घेतलेली असते. वाटेत हात दाखवणाऱ्याला घ्यायची तिला मुभा नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते आपण सगळ्याच बघतो. पण तपासणीच्या वेळी गाडीत प्रवाशांची यादी लागते, आणि यादीतली डोकी व सीटवरची डोकी जुळली नाहीत की गाडी बाजूला घेतली जाते.

माझ्या शेजारच्या काकूंचंच बघा. लेकीचे दिवस भरत आलेले, जावयाचा फोन आला आणि काकू रात्रीच निघाल्या. बुकिंग नव्हतं. हायवेवर एका गाडीला हात केला, रोख पैसे दिले, चिठ्ठी मिळाली नाही. सीमेजवळ तपासणी झाली. यादीत नसलेली चार माणसं निघाली, त्यांत काकू एक. दंडाचा वाद क्लीनर आणि साहेबांत, पण खाली उतरून दोन तास उभ्या राहिल्या त्या काकू. "मी पैसे दिलेत हो," एवढंच त्या सांगू शकत होत्या. पैसे दिल्याचा पुरावा मात्र काहीच नव्हता. शेवटी गाडी सुटली, पण तिने त्यांना उतरवलं मियापूरला, आणि जावई उभा महात्मा गांधी बसस्थानकावर. मधे सुमारे वीस किलोमीटर!

हे दुसरं दुखणं म्हणजे बदलता थांबा. खासगी गाड्या सरकारी बसस्थानकात जात नाहीत. आपल्याकडून संगारेड्डीमार्गे शहरात शिरताना त्या मियापूर, कुकटपल्ली, अमीरपेट, लकडी का पूल असा एकेक थांबा घेत जातात. उशीर झालेला असला तर आधीच्याच थांब्यावर "शेवटचा स्टॉप" म्हणून मोकळ्या होतात. आपल्या बाजूलाही तीच गत. रस्ता चौपदरी झाला, गावाबाहेरून बायपास निघाला की गाडी गावात येईनाशी होते, आणि रात्री अकराला बाईमाणसाने पुलाखाली उभं राहायचं. म्हणून बुकिंग करतानाच चढण्याची आणि उतरण्याची जागा नावानिशी लिहून किंवा मेसेजमध्ये घ्या, गाडीचा नंबरही घ्या. नुसतं "हैदराबाद" चालणार नाही. गाडी आली की नंबर जुळवून बघा. पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असायला हवीत. पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्याने माणसं नेण्याचा परवानाच नसतो.

आणि मियापूरला उतरवलंच तर घाबरू नका. तिथून निघणारी मेट्रोची लाल मार्गिका महात्मा गांधी बसस्थानकावरूनच जाते, गाडी बदलावी लागत नाही. सकाळी सहाच्या सुमारास मेट्रो सुरू होते. तोवर स्टेशनजवळच्या उजेडात, चार माणसांत थांबा.

आता भाड्याचं. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पण ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. हैदराबादचं तिकीट काढलं की यंत्र प्रवासाचे दोन तुकडे करतं. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, नांदेडपासून सीमेपर्यंत १५० रुपये आणि सीमेपलीकडे ३०० रुपये भाडं आहे. आपण मनात ४५० चे निम्मे २२५ धरतो. कंडक्टर मागतो ३७५, म्हणजे अलीकडचे निम्मे ७५ आणि पलीकडचे पूर्ण ३००. यात फसवणूक नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचा मोफत प्रवासही असाच सीमेपर्यंत. आणि समोर तेलंगणाची बस लागली असेल तर आपली अर्ध्या तिकिटाची सवलत तिच्यात चालत नाही, कारण ती एसटी महामंडळाची आहे.

तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास आहे, पण तिथल्या रहिवासी बायकांनाच. म्हणजे तिकडे नांदणाऱ्या लेकीच्या आधारकार्डावर सासरचा पत्ता असेल तर ती तिथल्या बसने सीमेपर्यंत फुकट येईल. कार्डावर अजून जालन्याचा पत्ता असेल तर तिला पूर्ण भाडं. लग्नानंतर पत्ता बदलायचा कंटाळा करणाऱ्या लेकींना हे जरूर सांगा.

राहिला नाका. पूर्वी विक्रीकराच्या नाक्यावर टपावरच्या गाठोड्यांसाठी गाडी खोळंबायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते नाके गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेलंगणाने आपले आरटीओचे कायमचे नाकेही बंद केले. म्हणून तपासणी संपली असं नाही. फिरती पथकं कुठेही गाडी थांबवू शकतात, दारू-गुटख्याची झडती वेगळीच. गाडी थांबली की खाली उतरून लांब जाऊ नका, पर्स आणि फोन अंगावर ठेवा, आणि कुणी अनोळखी "ही पिशवी तुमच्याजवळ राहू द्या" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. झडतीत पिशवी जिच्या पायाशी, जाब तिलाच विचारतात.

काकूंना नात झाली. बाळंतिणीचं आवरून परतताना त्यांनी सरकारी बस धरली. चार पैसे जास्त गेले, पण स्टँडवर चढल्या आणि स्टँडवर उतरल्या. मला म्हणाल्या, "अगं, तिकीट हातात असलं की साहेबासमोर आवाज फुटतो."