न मागता मागितलेलं पाणी

नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती आणि इंदापूरच्या शेतांत येतं ते रीतसर मागून. पाटबंधारे खात्याकडं नमुना नंबर ७ चा अर्ज करायचा, मग शेजपाळीत नंबर लागतो. पण पाळी लांब असेल, ऊस माना टाकायला लागला असेल आणि शेजारच्या विहिरीला पाणी असेल, तर त्या पाण्याची मागणी बहुतेकदा तोंडातून बाहेरच पडत नाही. तरीही ती पोचते, हे मला फार विलक्षण वाटतं.

समजा, मे महिन्यातली संध्याकाळ आहे. शेजारचे तात्या येऊन ओट्यावर टेकतात. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, मग सहज म्हणतात, "खालचा दीड एकर लईच सुकाया लागलाय. पाळीला अजून आठ-दहा दिवस हायत." एवढंच. यात प्रश्न नाही, विनंतीही नाही. पण ही नुसती तक्रारही नाही; नुसत्या तक्रारीत रान सुकल्याचं येतं, नेमका तुकडा आणि दिवस येत नाहीत. शिवाय चहा झाला तरी तात्या उठत नाहीत, आणि थोड्या वेळानं तोच दीड एकर पुन्हा बोलण्यात येतो.

उत्तरही त्याच रीतीनं द्यायचं असतं. "आमची मोटर ह्या आठवड्यात रातच्यालाच चालतीया, लाइट दहाला येती," असं म्हटलं की पाणी दिलं. "आमच्या बी विहिरीनं तळ दाखवला," म्हटलं की नकार झाला. दोन्ही वेळा तात्या मान हलवतात, पावसाचा विषय काढतात. कुणी मागितलंच नाही, म्हणून कुणी नाकारलंही नाही. बांधाला बांध असलेल्या माणसांना पुढची वीस वर्षं एकमेकांची तोंडं बघायची असतात.

पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये सभ्यतेच्या भाषेवर जो प्रसिद्ध अभ्यास मांडला, त्यात तमिळ खेड्यातलं बोलणंही होतं. मागणं जितकं जड, तितकी माणसं आडून बोलतात, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळ्यातलं विहिरीचं पाणी जडच असतं.

हा सगळा डाव एका प्रश्नानं मोडतो: "तात्या, पाणी पाहिजे का?" आता त्यांना उघड हात पसरावा लागतो, नाहीतर "नाय, सहज आलतो" म्हणून उठावं लागतं. बहुतेक जण उठतात, आणि ऊस वाळतो. उलट, ते खरंच नुसते बोलायला आले असतील, तर मोटरीची वेळ सांगून काहीच बिघडत नाही. त्यांनी ती कानाआड केली की विषय संपला.

मात्र ज्याचं आपण देणं लागतो त्याच्या तोंडून असा इशारा आला, तर नकाराची मोकळीक नावालाच उरते. तिथं हे बोलणं सभ्य वाटलं तरी दडपणच असतं.

बाकी वेळी, पाणी द्यायचं असेल तर विचारू नका. मोटर किती वाजता चालू होते, तेवढं सांगा.