शिळा भात आणि रक्तातली साखर

भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी गरम करून खायचा, म्हणजे साखर कमी वाढते, असं हल्ली घरोघरी सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण ते किती हे मोजून पाहायला हवं.

शिजताना तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पचायला सोपा होतो. भात थंड झाला की त्यातल्या अमायलोज नावाच्या स्टार्चच्या सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात. आतड्यातल्या पाचकरसांना त्या सहज तोडता येत नाहीत. नेहमीच्या गरम करण्याने ही घट्ट वीण सुटतही नाही, म्हणून भात गारच खायला हवा असं नाही. बासमतीसारख्या मोकळ्या भातात अमायलोज जास्त, चिकट भातात कमी. त्यामुळे प्रत्येक तांदळात सारखा फरक पडत नाही.

इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासलं. ताज्या पांढऱ्या भातात न पचणारा स्टार्च शंभर ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम होता. चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केल्यावर तो १.६५ ग्रॅम झाला. पंधरा निरोगी माणसांना दोन्ही भात खाऊ घातले, तेव्हा थंड करून गरम केलेल्या भातानंतर साखरेची एकूण वाढ सुमारे १८ टक्के कमी भरली. पण पंधरा माणसं फार थोडी, आणि सगळ्याच प्रयोगांत असा फरक दिसलेला नाही.

आता दीडशे ग्रॅम भात घ्या. त्यात सुमारे ४२ ग्रॅम कर्बोदकं असतात. थंड केल्याने त्यातला जेमतेम दीड ग्रॅम स्टार्च न पचणारा होतो. उरलेलाही थोडा सावकाश पचत असावा, म्हणून साखरेत दिसणारा फरक त्याहून मोठा. तरी त्याच ताटातला ४० ग्रॅम भात कमी केला तर ११ ग्रॅम कर्बोदकं थेट वगळली जातात. शिळा आहे म्हणून वाढीव भात घेतला, तर मिळवलेलं सगळं तिथेच जातं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जपायला हवं. टाइप १ मधुमेहींवरच्या पोलंडमधल्या अभ्यासात तेवढंच इन्सुलिन घेऊन थंड करून गरम केलेला भात खाल्ल्यावर साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचे प्रसंग वाढले. डोस बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच.

आणखी एक धोका पातेल्यात असतो. बॅसिलस सेरेयस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांचं उलट्या करवणारं विष फोडणीच्या आचेनेही जात नाही. वासावरूनही ते कळत नाही. म्हणून भात पसरट ताटात काढून तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावा.

आपल्या शरीरावर काय होतं हे ग्लुकोमीटर सांगेल. एकदा ताजा, एकदा थंड करून गरम केलेला भात, तांदूळ मोजून तितकाच, सोबत तीच आमटी-भाजी. जेवणाआधी, तासाने आणि दोन तासांनी साखर तपासावी. एका जोडीवर निष्कर्ष काढू नये, हे दोन-तीनदा करावं.