निवृत्तीनंतर 25 वर्षं पुरेल एवढी रक्कम किती? महागाई आणि जकात धरून केलेला हिशोब

निवृत्तीच्या वेळी हातात किती पैसे असावेत, असं विचारलं की बहुतेक घरांत एकच हिशोब ऐकू येतो. महिन्याला 30 हजार लागतात, म्हणजे वर्षाला 3 लाख 60 हजार. 25 वर्षं धरली तर 90 लाख. हा हिशोब अगदीच चुकीचा नाही, पण त्यात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते. महागाई जितकी वाढेल तितकाच आपला पैसाही वाढेल, हे ते गृहीत. प्रत्यक्षात या दोन दरांत थोडा जरी फरक पडला, तरी लागणारी रक्कम लाखांनी बदलते. आणि आपल्या घरांत तिसरा एक दरही असतो, जो बाजारातल्या तयार कॅल्क्युलेटरमध्ये सापडत नाही. तो म्हणजे जकात.

एक उदाहरण घेऊ. एक गृहस्थ यंदा 60व्या वर्षी निवृत्त झाले. पेन्शन नाही, घर स्वतःचं आहे. पहिल्या वर्षाचा खर्च 3 लाख 60 हजार, महागाई दरवर्षी 6 टक्के. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या वर्षाचा खर्च काढून घ्यायचा, उरलेला पैसा गुंतवलेला ठेवायचा. 85व्या वर्षापर्यंत, म्हणजे 25 वेळा पैसे काढायचे आहेत. 6 टक्क्यांनी वाढणारा खर्च 13व्या वर्षी महिन्याला 60 हजारांवर जातो आणि 25व्या वर्षी सुमारे 1 लाख 21 हजारांवर. राहणीमान तेच, फक्त भाव वाढलेले.

व्याज नको म्हणून बँकेची एफडी बाजूला ठेवली, तर पैसा शरिया नियमांनी चालणारे म्युच्युअल फंड किंवा भाड्याची मालमत्ता यांत जातो. टाटा एथिकल, टॉरस एथिकल अशा फंडांचा पैसा शेअर बाजारात असतो, तिथे परताव्याची हमी नाही. हिशोबासाठी आपण सरासरी 8 टक्के धरू, तोही कर भरून आणि नाजायज उत्पन्नाचा हिस्सा सदका करून झाल्यावर उरलेला.

आता महागाई 6 आणि परतावा 8 असेल, तर लागणारी रक्कम 90 लाखांवरून 72 लाख 57 हजारांवर येते. पैसा महागाईपेक्षा थोडा पुढे धावतो, म्हणून कमी रकमेत भागतं. साधे कॅल्क्युलेटर इथेच थांबतात.

पण जकात घरखर्चातून निघत नाही, ती उरलेल्या रकमेवर निघते. समजा, संपूर्ण रकमेवर अडीच टक्के द्यायची आहे. 100 रुपये वर्षभरात 108 झाले, त्यातून 2 रुपये 70 पैसे जकात गेली, उरले 105 रुपये 30 पैसे. म्हणजे आपला खरा परतावा 8 नव्हे, 5.3 टक्के. तो महागाईच्या खाली गेला. आता हिशोब केला तर रक्कम लागते 97 लाख 56 हजार. (जकात चांद्र वर्षाने निघते आणि ते सुमारे 11 दिवसांनी लहान असतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा किंचित वरच जाईल.)

72 लाखांच्या भरवशावर निवृत्त होऊन दरवर्षी अशी जकात दिली, तर पैसा 25 ऐवजी 19 वर्षांत संपतो. म्हणजे वयाच्या 79व्या वर्षी. त्या वयात पुन्हा कमाईला लागणं किंवा मुलांसमोर हात पसरणं किती कठीण, हे वेगळं सांगायला नको.

हा हिशोब कॉम्प्युटरवर कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये करता येतो. एका चौकटीत एवढंच टाइप करा:

```
=PV(1.053/1.06-1, 25, -360000, 0, 1)
```

यात 1.053 हा जकात वजा जाता परतावा, 1.06 ही महागाई, 25 वर्षं आणि 360000 पहिल्या वर्षाचा खर्च. शेवटचा 1 म्हणजे पैसे वर्षाच्या सुरुवातीला काढायचे. आपले आकडे घालून बघा. निवृत्तीला 10 वर्षं बाकी असतील, तर आजचा 30 हजारांचा खर्च तोपर्यंत सुमारे 53 हजार 700 झालेला असेल. तिथे आजचा नव्हे, तेव्हाचा खर्च घालायचा.

वर्षांची संख्या ठरवताना फक्त नवऱ्याचं वय पाहू नका. बायको 5 वर्षांनी लहान असेल आणि तिच्याही 85व्या वर्षापर्यंत पैसा पुरवायचा असेल, तर 25 नव्हे, 30 वर्षं धरावी लागतात. याच उदाहरणात रक्कम मग सुमारे 1 कोटी 19 लाख होते.

जकातीचा आकडा मात्र आधी आपल्या मुफ्तींना विचारून पक्का करा, कारण फंडातल्या शेअर्सबद्दल उलमांची मतं वेगळी आहेत. काही जण पूर्ण बाजारभावावर जकात सांगतात. काही जण दीर्घकाळ ठेवलेल्या शेअर्सवर, कंपनीकडची रोकड, माल अशा जकात लागू होणाऱ्या हिश्श्यापुरतीच सांगतात. समजा, असा हिस्सा एक चतुर्थांश निघाला, तर 97 लाखांऐवजी 78 लाखांच्या आसपास पुरतात. एका मसअल्याच्या उत्तरावर जवळपास 20 लाखांचा फरक पडतो. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नसते, वाचलेल्या भाड्यावर असते. त्यामुळे तो हिशोब वेगळा मांडावा लागतो.

शेवटची गोष्ट, 8 टक्के ही सरासरी आहे. शेअर बाजार दरवर्षी 8 टक्के देत नाही. आपल्या उदाहरणात पहिलं वर्ष ठरल्याप्रमाणे गेलं, तर खर्च आणि जकात जाऊनही वर्षाअखेर 98 लाख 94 हजार उरतात. सुरुवातीला रक्कम वाढते, याला फसू नका. ती वाढ पुढच्या महाग वर्षांसाठीच आहे, लग्नकार्यात खर्चायला नाही. उलट पहिल्याच वर्षी बाजार 20 टक्के पडला, तर उरतात 73 लाख 29 हजार. उरलेल्या 24 वर्षांचा हिशोब नव्याने केला तर दुसऱ्या वर्षी महिन्याला 31 हजार 800 ऐवजी सुमारे 23 हजार 500 च काढता येतात.

म्हणून दोन-तीन वर्षांचा घरखर्च बाजाराबाहेर ठेवावा, म्हणजे पडत्या भावात युनिट विकावे लागत नाहीत. हा पैसा वाढत नाही, तेव्हा त्याच्यासाठी मूळ रकमेत थोडी भर धरावी. आणि दरवर्षी जकातीचा हिशोब काढाल, त्याच दिवशी वरचं सूत्र पुन्हा चालवा. वर्षं एकने कमी करा, खर्च त्या वर्षीचा घाला. उत्तर हातातल्या रकमेपेक्षा मोठं आलं, तर काटकसर त्याच वर्षी सुरू करायची.