साठ रुपयांत सदर? गाडीचा खरा हिशेब

‘कॅबला दोनशे रुपये कशाला देऊ? माझी गाडी साठ रुपयांत सदरला नेते!’ नागपुरात जयप्रकाश नगर, मनीष नगर भागात राहणाऱ्या आणि रोज सदर, सिव्हिल लाइन्सकडे कामाला जाणाऱ्या निदान दहा जणांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं आहे. अंतर साधारण आठ किलोमीटर. शहराच्या गर्दीत, एसी लावून, गाडी लिटरला चौदा किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास धरलं, तर साठ रुपये हा आकडा चुकीचा नाही. चूक आहे ती कॅबच्या पूर्ण भाड्याची तुलना फक्त पेट्रोलशी करण्याची. कॅबच्या त्या दोनशे रुपयांत गाडीची किंमत, विमा, टायर आणि चालकाचा पगार हे सगळं आलेलं असतं. आपल्या साठ रुपयांत यातलं काहीच नसतं.

सगळ्यात मोठा खर्च दिसतच नाही, कारण तो खिशातून नोट काढून द्यावा लागत नाही. तो खर्च म्हणजे गाडीची उतरणारी किंमत. ‘गाडी विकायचीच नाही, मग उतरली काय नि चढली काय,’ असं म्हणणाऱ्यांनी आपली विमा पॉलिसी काढून बघावी. तिच्यावर आयडीव्ही नावाचा रकाना असतो. आज गाडी चोरीला गेली, तर कंपनी ज्या रकमेच्या आधाराने भरपाई देईल ती ही रक्कम. वाहन विम्यात वापरात असलेल्या तक्त्यानुसार नवी गाडी सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के उतरलेली धरतात. यावर वाद घालण्याची गरज नाही, कागद घरातच आहे.

आता एक गाडी घेऊन पूर्ण हिशेब मांडू. शोरूमची किंमत ७ लाख ८० हजार. दहा लाखांच्या आतल्या, स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात एकरकमी रस्ता कर ११ टक्के, म्हणजे जवळपास ८६ हजार. गाडी विकताना गिऱ्हाईक या कराचे वेगळे पैसे मोजत नाही. आयडीव्हीही शोरूमच्या किमतीवरच काढतात. म्हणजे गेले ८ लाख ६६ हजार. पाच वर्षांनी निम्मी किंमत, ३ लाख ९० हजार, हाती आली असं धरू. बुडाले पावणेपाच लाख. साठ महिन्यांत वाटले तर महिन्याला ७,९०० रुपये, गाडी जागची हलली नाही तरीही.

त्यावर कर्ज. साडेसहा लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या घरात जातो आणि एकूण व्याज जवळपास १ लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला २,७००. इथे एक नेहमीची गफलत होते. पूर्ण हप्ता आणि उतरलेली किंमत दोन्ही खर्चात धरू नका, एकच पैसा दोनदा मोजला जातो. हप्त्यातलं फक्त व्याज घ्या. आपण भरलेल्या पहिल्या रकमेवर एफडीचं व्याज बुडालं, ते मी गाडीला सवलत म्हणून सोडून देतो.

उरलेले आकडे मी अंदाजाने धरले आहेत, तुमचे वेगळे असतील. विमा वर्षाला १८ हजार, म्हणजे महिन्याला १,५००. सर्व्हिसिंग, शिवाय पाच वर्षांत एकदा चार टायर आणि बॅटरी, मिळून १,२००. सकाळी गाडी पुसणाऱ्याचे ५००. महिन्याला ६०० किलोमीटर धावली तर पेट्रोल ४,५००. बेरीज १८,३०० रुपये. किलोमीटरला तीस रुपयांच्या वर! पेट्रोल या बेरजेचा जेमतेम चौथा हिस्सा आहे.

हेच ६०० किलोमीटर गाडीशिवाय कसे जातील? कामाचे दिवस चोवीस धरू. वीस दिवस मेट्रो, जयप्रकाश नगर ते कस्तुरचंद पार्क, ऑरेंज लाइनवर, सीताबर्डीला गाडी न बदलता. तिकीट आणि दोन्ही टोकांना शेअर ऑटो मिळून दिवसाला ९० रुपये धरले तर १,८००. पावसाचे किंवा उशिराचे चार दिवस दोन्ही वेळा कॅब, १,६००. घरच्या कामांचे, लग्नकार्याचे ११६ किलोमीटर कॅबने, पंचवीस रुपये दराने २,९००. महिन्यातून एक दिवस रामटेकसारखी फेरी भाड्याच्या गाडीने, २,५००. एकूण ८,८००. आणि मेट्रोत पायच ठेवायचा नाही असं ठरवलं, सगळं कॅबनेच केलं, तरी १५ हजार. म्हणजे ज्याला आपण उधळपट्टी म्हणतो तीही घरच्या गाडीपेक्षा तीन हजारांनी स्वस्त पडते.

आता गाडीच्या बाजूचंही खरं सांगतो. गाडीचा ठरलेला खर्च महिन्याला १३,८०० च्या आसपास आहे आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला पेट्रोल साडेसात रुपये. कॅबचा दर पंचवीस. दोन्ही रेघा ८०० किलोमीटरच्या जवळ मिळतात. बुटीबोरीला रोज स्वतःच्या गाडीने जाणारा माणूस ही रेघ महिना संपायच्या आतच ओलांडतो. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली, त्यात बुटीबोरीचा मार्ग आहे. पण तो सुरू होईपर्यंत त्याच्यासाठी गाडी हाच शहाणपणा. घरात नीट चालता न येणारे आई-वडील असतील, तरीही हिशेब बदलतो. मे महिन्यात ४५ अंशांत भर दुपारी स्टेशनपर्यंत चालत जा, असं मी कुणाला सांगणार नाही. त्यासाठीच शेअर ऑटोचे पैसे वर धरले आहेत.

जुनी गाडी असेल तर तडकाफडकी विकू नका. आठ वर्षांच्या गाडीची मोठी घसरण होऊन गेलेली असते. वर्षाला २५ हजारांनी उतरते असं धरलं आणि दुरुस्तीला महिन्याला दोन हजार ठेवले, तरी पेट्रोल-विम्यासह खर्च दहा हजारांच्या आसपास येतो. हा हिशेब नवी गाडी घ्यायला निघालेल्यांसाठी आहे.

बाकीचे समज थोडक्यात. ‘हप्ते फिटले की गाडी फुकट’: फक्त व्याज थांबतं, बाकी सगळं चालू राहतं. ‘सीएनजी घेतली की प्रश्न मिटला’: इंधन निम्म्यावर आलं तरी अठरा हजारांतून सव्वादोन हजारच वाचतात. ‘गाडी म्हणजे गुंतवणूक’: पाच वर्षांत अर्धी होणाऱ्या वस्तूला गुंतवणूक म्हणत नाहीत. ‘मेट्रो आपल्या कामाची नाही’: ११ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा पूर्ण चालू आहे, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. आपलं घर नि ऑफिस या दोन रेघांजवळ आहे का, एवढं नकाशावर पाहा.

नवी गाडी बुक करण्याआधी एक महिना थांबा. घरातली स्कूटर, ऑटो, कॅब, भावाची मागून आणलेली गाडी, सगळे किलोमीटर एका वहीत लिहा. बेरीज ८०० च्या बरीच खाली आली, तर बुकिंगचे पैसे भरू नका.