सरासरीवर भरवसा ठेवलेलं गोदाम

समजा, बेअरिंग विकणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे रोज सरासरी २० नग खपतात; चढउतार साधारण ६ नगांचा (प्रमाण विचलन). कारखान्याकडून माल यायला ४ ते १० दिवस लागतात, म्हणजे सरासरी ७. त्यामुळे साठा १४० वर आला की तो नवी ऑर्डर देतो. हिशेब चोख वाटतो. पण माल पोचण्याआधी साठा संपण्याची वेळ जवळजवळ निम्म्या खेपांना येते.

हे स्प्रेडशीटमध्ये तपासता येतं. F1 मध्ये ऑर्डरची पातळी लिहा आणि दुसऱ्या ओळीत ही सूत्रं:

```
A2: =RANDBETWEEN(4,10)
B2: =NORM.INV(RAND(),20*A2,6*SQRT(A2))
C2: =IF(B2>$F$1,1,0)
```

एक ओळ म्हणजे एक खेप: आधी दिवस, मग तेवढ्या दिवसांची मागणी, मग माल कमी पडला का. ओळी ५००० पर्यंत ओढा आणि C ची सरासरी काढा. शंभरच ओळी घेतल्या, तर दर वेळी F9 दाबल्यावर उत्तर बरंच हलतं.

F1 मध्ये १६६ घाला. माल नेमका सातव्या दिवशी येत असता, तर एवढ्यात शंभरातल्या ९५ खेपा निभावल्या असत्या. इथे मात्र दहापैकी तीन खेपा फसतात. ९५ टक्क्यांसाठी २१० लागतात. माझ्या मते आधी पुरवठादाराशी तारखांवरून भांडावं. जादा साठ्याचं खरं कारण तिथेच आहे.

एक पळवाट मात्र राहते. ही सूत्रं मागणी आणि उशीर स्वतंत्र धरतात. दिवाळीच्या तोंडावर दोन्ही एकदम वाढतात, तेव्हा २१० सुद्धा तोकडे पडतात.