नळ पटकन बंद केला की पाइपलाइन ‘धाड’ का वाजते? ‘वॉटर हॅमर’ टाळायचे सोपे उपाय

रात्री कुणीतरी बाथरूमचा नळ झटक्यात बंद करतं आणि भिंतीत ‘धाड, धड, धड’ असा आवाज होतो. बिलोलीसारख्या गावात बोअरची मोटर, गच्चीवरची टाकी आणि खाली लेव्हरचे नळ अशी सोय असलेल्या घरांत हा आवाज ओळखीचा असतो. ‘पाइपात हवा भरली’ असं म्हणून तो सोडून दिला जातो. पण बहुतेक वेळा हवेचा दोष नसतो. हा धक्का पाण्याचाच असतो आणि तो रोज बसत राहिला तर भिंतीआडचा जॉइंट ढिला होऊन गळायला लागतो. या प्रकाराला ‘वॉटर हॅमर’ म्हणतात, मराठीत जलाघात.

नेमकं काय होतं?

समजा, बिलोलीतल्या एका दुमजली घरात टाकीतलं पाणी खालच्या नळापासून ६ मीटर उंच आहे आणि टाकीपासून नळापर्यंत अर्धा इंची पाइप १२ मीटर आहे. नळ पूर्ण उघडला की १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरते. म्हणजे पाइपात पाणी सेकंदाला साधारण १ मीटर वेगाने धावतंय. या १२ मीटर पाइपात मावणारं पाणी सुमारे २ किलो भरतं.

नळ बंद केला की हे २ किलो पाणी थांबवावं लागतं. पण ते सगळं एकाच वेळी थांबत नाही. आधी नळाशी असलेलं पाणी अडतं, त्याच्यावर मागचं पाणी येऊन आदळतं, मग त्याच्या मागचं. गाडीला अचानक ब्रेक लागल्यावर प्रवासी एकमेकांवर रेलतात, तसंच. दाबाची ही लाट पाइपातून टाकीकडे जाते, तिथून परत फिरते आणि पुन्हा नळावर येते. एका ‘धाड’ मागून दोन-चार ‘धड धड’ ऐकू येतात त्या याच येरझाऱ्या.

मॉस्कोत पाणीपुरवठ्याचे पाइप फुटत होते, तेव्हा निकोलाय झुकोव्स्की या शास्त्रज्ञाने १८९७-९८ मध्ये प्रयोग करून या धक्क्याचं गणित मांडलं. ते असं:

ΔP = ρ × c × Δv

वाढणारा दाब म्हणजे पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याचा थांबलेला वेग यांचा गुणाकार. लाटेचा वेग पाइपावर ठरतो. कडक जीआय पाइपात तो सेकंदाला सुमारे १३०० मीटर असतो, तर सीपीव्हीसीत पाइप थोडा ताणला जात असल्याने साधारण ४५० मीटर.

आता आपल्या घराचा हिशोब करू. टाकीच्या उंचीमुळे नळावर नेहमीचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.६ किलो असतो. पाणी एकदम थांबलं तर जीआय पाइपात त्यावर जवळपास १३ किलोची भर पडते, सीपीव्हीसीत साडेचार किलोची.

‘एकदम’ म्हणजे किती वेळात?

खरी मेख इथे आहे. लाट टाकीपर्यंत जाऊन परत येण्याआधी नळ बंद झाला, तरच पूर्ण धक्का बसतो. आपल्या घरात हा वेळ जीआय पाइपात सुमारे ०.०२ सेकंद, तर सीपीव्हीसीत ०.०५ सेकंद आहे. हाताने नळ बंद करायला याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे धक्का बराच कमी होतो.

मग लेव्हरचा नळ का वाजतो? कारण पाव फेऱ्यात तो बंद होतो, आणि पाणी खऱ्या अर्थाने अडतं ते लेव्हरच्या शेवटच्या थोड्याशा फिरण्यात. जुन्या आट्यांच्या नळाला तीन-चार फेरे लागायचे, म्हणून तो सहसा वाजत नसे. वॉशिंग मशीनमधला विजेवरचा व्हॉल्व्ह तर निमिषात बंद होतो. त्यामुळे मशीन पाणी घ्यायचं थांबलं की ‘ठक्’ असा आवाज हमखास येतो.

आवाज मोठा होतो तो पाइप सैल असल्यामुळे. दाब ५ किलोने वाढला तर अर्धा इंची पाइपाच्या एल्बोवर क्षणभर जवळपास ९ किलोचा धक्का बसतो. क्लॅम्प निघालेला असेल तर पाइप उडून भिंतीवर आपटतो.

आवाज ओळखा

- नळ बंद करताच ‘धाड’ आणि विरत जाणारी ‘धड धड’: वॉटर हॅमर.
- नळ अर्धवट उघडा असताना घरघर: नळातला वायसर ढिला झालाय. वायसर बदलला की आवाज थांबतो.
- लाइट गेल्यावर किंवा मोटर बंद होताच एक जोराचा दणका: वर चढलेलं पाणी मागे फिरून मोटरच्या लाइनवरचा एनआरव्ही आपटतो. हाही जलाघातच, पण उपाय मोटरच्या लाइनवर करावा लागतो; नळ बदलून तो जाणार नाही.
- पाणी आल्यावर फसफस आणि थुंकल्यासारखी धार: ही मात्र खरोखर हवा आहे.

उपाय, स्वस्तापासून सुरुवात

१. नळ सावकाश बंद करा. विशेषतः शेवटचा भाग. एक-दोन सेकंद घेऊन बंद केल्यावर आवाज थांबला, तर निदान पक्कं झालं असं समजा.

२. क्लॅम्प आवळा. उघड्या लाइनवर, मुख्यतः एल्बोच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवेत. पाइप आणि क्लॅम्पमध्ये रबराची पट्टी ठेवा. याने आदळआपट थांबते. दाब मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका.

३. वेग कमी करा. टाकीखालचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. दीड मिनिटात भरणारी बादली दोन मिनिटांत भरू लागली, तर वेग पाव हिश्श्याने उतरतो आणि धक्काही तेवढाच. नवीन लाइन टाकताना मुख्य पाइप पाऊण किंवा एक इंची घेतला, तर हाच फायदा पाण्याची धार न घटवता मिळतो.

४. हवेची उशी द्या. वाजणाऱ्या नळाजवळ टी बसवून त्यावर एक-दीड फुटाचा उभा, वरून बंद पाइप लावा. त्यातली हवा दाबली जाऊन धक्का झेलते. म्हणजे ज्या हवेला दोष दिला जातो, तीच इथे कामाला येते. मात्र ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि काही महिन्यांनी आवाज परत येतो. तेव्हा टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडा, लाइन पूर्ण रिकामी होऊ द्या आणि मग पुन्हा भरा.

५. अरेस्टर बसवा. यात हवा आणि पाणी यांच्यामध्ये पिस्टन असतो, त्यामुळे हवा विरघळत नाही. वॉशिंग मशीनसाठी हाच उपाय बरा. पण तो मशीनच्या व्हॉल्व्हला लागूनच हवा. टाकीजवळ लावला तर लाट नळ आणि भिंतीतल्या जॉइंटना धक्का देऊन मगच तिथे पोहोचते.

कोयनेतही हीच युक्ती

कोयना प्रकल्पात बोगद्यातून येणारं पाणी टर्बाइन बंद झाल्यावर असंच अडतं. तिथे धक्का घ्यायला ‘सर्ज टँक’ नावाची उभी विहीर आहे. अडलेलं पाणी तिच्यात वर चढतं आणि त्याचा जोर तिथेच जिरतो. घरातला फूटभर उभा पाइप तेच काम करतो.

हे सगळं करूनही आवाज थांबला नाही आणि भिंतीवर ओल दिसू लागली, तर जॉइंट गेला असण्याची शक्यता आहे. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी खुणेखाली गेलेलं दिसलं, तर आधी गळती शोधा, मग आवाजाचं बघा.